तिसऱ्या दिवसाचा चढ

सूनबाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, मोडलं आणि शेवटी त्याच मुलाशी लागलं, त्या वर्षाची ही गोष्ट. त्या लग्नाच्या जेवणात, सगळ्यांची तोंडं घासाने भरलेली असताना, आक्काने जाहीर केलं की आता घरात कोणाचं काही अडलेलं नाही, तेव्हा थंडी पडली की आपण देवस्थानाला पायी जाणार. कोणी हसलं, कोणाला ठसका लागला. आक्काचा मुलगा बाबू तेवढा हसला नाही. त्याने खाली मान घालून जेवण संपवलं.

आक्का तेव्हा सत्तरीला टेकली होती. छातीतली एक झडप नीट मिटत नव्हती आणि त्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या. पण पाय शाबूत होते. जाण्याची घाई तिला स्वतःसाठी नव्हतीच. घाई होती माईसाठी.

माई म्हणजे आक्काची थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आक्काच्याच घरी मागच्या खोलीत खाटेवर पडून होती. दोघी ऐन उमेदीत असताना एकदा चालत देवस्थानाला गेल्या होत्या. निघताना माईने पायरीला हात लावून पुन्हा येते असं सांगितलं होतं. मग संसार, आजारपणं, नवऱ्याचं जाणं, एकामागून एक आलं आणि ते जाणं राहिलं ते राहिलंच. आता ती आक्काला म्हणायची की माझी काठी घेऊन जा, तिथे दाराशी ठेव आणि परत येऊन मला सगळं सांग. सगळं म्हणजे काय, तर तिसऱ्या दिवसाचं. तिसऱ्या दिवशी वाट नदीच्या काठाने जाते, दिवसभर पाणी डाव्या हाताला असतं आणि मध्ये एक सपाट खडक लागतो. त्या खडकावर बसून दोघींनी पाय पाण्यात सोडले होते. तो खडक अजून आहे का, एवढं माईला ऐकायचं होतं. ते ऐकेपर्यंत आपण टिकू की नाही, याचा तिला भरवसा नव्हता, आणि आक्कालाही नव्हता.

आता ही चाल आखायची म्हटल्यावर घरात माणूस होताच. बाबूचा धंदाच तो. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्याचं ऑफिस होतं. लोकांना पायी यात्रा आणि डोंगरवाटा आखून द्यायच्या, मुक्काम ठरवायचे, गरज पडली तर बरोबर माणूस द्यायचा. सूनबाई बुकिंग आणि फोन बघायची, बाबू नकाशा बघायचा. कॉम्प्युटरवर नकाशाचा प्रोग्रॅम होता. त्यात मुक्कामाच्या जागी एकेक निशाण लावायचं, की दोन निशाणांमधली पायवाट तो आपणहून शोधायचा आणि बाजूला रोजचं अंतर आणि रोजचा चढ मांडायचा. खाली उंचीचा आलेख यायचा, डोंगरासारखा वरखाली.

बाबू दुसऱ्यांना नेहमी सांगायचा की अंतराला घाबरू नका, चढाला घाबरा. सुरुवातीची आणि शेवटची उंची बघून भागत नाही. मध्ये जितक्या वेळा चढलात तितकं सगळं मोजायचं, उतरलेलं त्यातून वजा होत नाही, कारण पाय काही वजाबाकी करत नाहीत. आक्काने हे पुढच्या खोलीत भाजी निवडता निवडता शंभरदा ऐकलं होतं.

डॉक्टरांनी आक्काला तपासून सांगितलं होतं की दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालायला हरकत नाही, पण एका दिवसातला चढ तीनशे मीटरच्या आसपास राहू द्या. बाबूने आराखडा करून आणला. सहा दिवस. पहिले दोन दिवस सरळ होते. तिसऱ्या दिवशी अठरा किलोमीटर आणि चढ नऊशे ऐंशी मीटर.

डॉक्टरांनी तो कागद बघितला, आलेखावरचं ते तिसरं शिखर बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, हे जमायचं नाही. बाबूने घरी येऊन मान हलवली. चेहरा असा केला की जणू त्यालाच कोणी नाही म्हटलंय.

आक्काने तो कागद हातात घेतला. डॉक्टरांशी भांडता येतं, मुलाशी भांडता येतं, डोंगराशी कसं भांडणार. पण माईने ऐकलं आणि उशीवरून डोकं उचललं.

"तिसऱ्या दिवशी कुठला गं डोंगर?"

बाबूने तिला समजावलं. मावशी, तुम्ही गेलात त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत माणूस विसरतो, दुसरीकडची वाट इथे जोडतो. माई म्हणाली की पाणी डाव्या हाताला होतं. बाबू हसून म्हणाला, असेल, चौथ्या दिवशी असेल. माईने आक्काकडे पाहिलं. आणि इथे आक्काच्या हातून जे व्हायला नको होतं ते झालं. आलेखाचा कागद तिच्या हातात होता, त्यावर शिखर स्पष्ट दिसत होतं, आणि ती म्हणाली, "माई, आपलंच चुकत असेल गं."

त्यानंतर माई नदीचं बोलेनाशी झाली. पुढे पुढे तर ती साध्या गोष्टीसुद्धा विचारून घ्यायला लागली. आपल्या आईचं घर दोन मजली होतं ना, की तेही मी मनाचंच सांगते? काठी कपाटामागे गेली. थंडीचे महिने एकेक करून सरले.

थंडी संपत आली तेव्हा बाबू एका गटाला घेऊन चार दिवस बाहेर गेला. दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. सूनबाई कसलंसं बिल शोधत कॉम्प्युटरपाशी बसली होती आणि आक्का समोर बसून तिच्या ब्लाउजला हुक लावत होती. बोलता बोलता आक्का म्हणाली की तो माझा नकाशा आहे का गं अजून, जरा दाखव, निदान डोंगर तरी बघू दे, कागदावर नुसता आलेख होता.

सूनबाईने आराखडा उघडला. मुक्कामाची निशाणं होती, प्रत्येकावर गावाचं नाव. त्यांच्यामधून लाल रेघ गेलेली. सूनबाई रेघेवरून बोट फिरवत तिसऱ्या दिवसापाशी आली आणि थांबली. दोन मुक्काम नदीकाठचेच होते, एक खाली, एक वर. नदी दोन्हींच्या अंगणातून गेल्यासारखी निळी दिसत होती. आणि लाल रेघ मात्र पहिल्या गावातून निघून सरळ उजवीकडे डोंगरावर चढली होती, कड्याच्या माथ्यावरून फिरून पुन्हा दुसऱ्या गावात उतरली होती.

"हे असं का?" सूनबाई स्वतःशीच म्हणाली.

तिने नकाशा मोठा केला. माथ्यावर रेघेत तीन बारीक ठिपके होते. त्यांना नाव नव्हतं, निशाण नव्हतं. तिने आक्काला सांगितलं की हे रेघ वळवायचे ठिपके. प्रोग्रॅम आपणहून जवळची वाट धरतो, आपल्याला ती नको असेल तर मध्ये ठिपका टाकायचा, मग रेघेला तिथूनच जावं लागतं. एखाद्याला वाटेतलं मंदिर बघायचं असलं की टाकतात. इथे तर काहीच नाही. पाणीसुद्धा नाही.

"मग टाकले कोणी?"

ऑफिसात नकाशाला हात लावणारा माणूस एकच होता. सूनबाईने पहिला ठिपका पुसला. रेघ थोडी खाली सरकली. दुसरा पुसला. तिसरा पुसला, आणि रेघ डोंगरावरून घसरून नदीकाठी येऊन बसली, दोरी सोडलेल्या बादलीसारखी. पाणी डाव्या हाताला.

आक्काच्या हातातली सुई तशीच राहिली.

अंतर चौदा किलोमीटर झालं होतं. पण चढ अजून पाचशे साठ दाखवत होता. सूनबाईचा चेहरा उतरला, म्हणाली की आई, तरीही जास्तच आहे. आक्का उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली. खालचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता, वर-खाली, वर-खाली.

"नदी काय उड्या मारत येते का गं?"

सूनबाई हसली आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं. नकाशाला पावलापावलाची उंची ठाऊक नसते. जमिनीचे चौकोन पाडलेले असतात आणि एका चौकोनाला उंचीचा एक आकडा. वाट कड्याच्या पायथ्याला चिकटून गेली, की रेघ घडीत पाण्याच्या चौकोनात पडते, घडीत कड्याच्या, आणि प्रोग्रॅम बिचारा प्रत्येक वेळी माणसाला कड्यावर चढवून खाली उतरवतो. दरीतल्या वाटांना हे होतंच. बाबूच गिऱ्हाइकांना सांगायचा, अशा ठिकाणी आकड्यावर जाऊ नका. तिने दोन्ही मुक्कामांच्या उंची बघितल्या. नव्वद मीटरचा फरक. वाटेतले लहानसहान चढ धरले तरी दोनशेच्या वर जाणं कठीण होतं.

पण नकाशावर वाट आहे म्हणून जमिनीवर असेलच असं नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिने वरच्या गावातल्या धर्मशाळेला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की वाट उत्तम आहे, खालच्या गावचा दूधवाला रोज सायकलवर कॅन लावून येतो, पावसाळ्यात दोन महिने तेवढी बुडते. डोंगरावरून कोणी येतं का, असं सूनबाईने विचारलं. बाई म्हणाल्या, बकऱ्या येतात.

आक्काने फोनमधलं ते वाक्य ऐकलं. ती मागच्या खोलीत गेली आणि माईच्या खाटेवर बसली. माईचा हात हातात घेऊन म्हणाली, "माई, पाणी डाव्याच हाताला आहे. तुझं काही चुकलेलं नाही."

माई म्हणाली, "मग मला वेड्यात का काढलं?"

तो प्रश्न आक्काने बाबू येईपर्यंत निखाऱ्यासारखा पदरात बांधून ठेवला.

बाबू आला, बूट काढले, पाणी प्यायला. आक्काने त्याला जेवू दिलं. उपाशी माणसाशी भांडू नये, हा तिचा नियम होता. मग ती त्याला हाताला धरून कॉम्प्युटरपाशी घेऊन गेली. पडद्यावर रेघ नदीकाठी होती.

बाबूने बघितलं आणि सूनबाईकडे नजर टाकली. सूनबाई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? ठिपके मी टाकले नाहीत."

आधी तो म्हणाला की डोंगरावरून देखावा चांगला आहे. आक्का म्हणाली, मी काय देखावा बघायला निघाले होते? मग तो म्हणाला की नदीकाठी सुद्धा पाचशे साठ दाखवतोय, बघ. सूनबाई म्हणाली, ते का दाखवतोय हे तुम्हीच जगाला शिकवता. मग त्याच्याजवळचं सगळं संपलं आणि तो खुर्चीत बसला. सांगायला लागला की तीन वर्षांपूर्वी त्याच्या गटातला एक माणूस वाटेतच छातीला हात लावून बसला होता, आक्काच्याच वयाचा. सपाट वाट होती. त्याला पाठीवर घेऊन बाबू धावला होता आणि रस्ता येईपर्यंत पाठीवरचं ओझं बदललेलं त्याला कळलं होतं. तेव्हापासून कोणी म्हातारं माणूस दारात आलं की तोच माणूस दिसतो. तुला नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? काळजीपोटी केलं.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. तिला त्या माणसाचं वाईट वाटलं, बाबूचंही वाटलं. पण राग तसूभरही कमी झाला नाही.

"काळजी होती तर तोंडाने नाही म्हणायचं होतंस. मी भांडले असते. तू ओरडला असतास, मी ओरडले असते, दोन दिवस बोललो नसतो. आई-मुलाचं असंच असतं. तू डोंगराला मध्ये घातलंस. डॉक्टरांच्या हातात खोटा कागद दिलास. आणि त्या बाईला," तिने मागच्या खोलीकडे हात केला, "तिच्याजवळ आठवणींशिवाय काही उरलं नव्हतं रे. त्यातली एक तू तिच्या तोंडावर खोटी पाडलीस. आणि मी तुझ्या बाजूने साक्ष दिली."

बाबू म्हणाला, "आई, मी मावशींची माफी मागतो."

"माग. पण माफी मागितली की थंडी परत येते का?"

बाबू मागच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं ते आक्काने ऐकलं नाही, मुद्दाम ऐकलं नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने सांगितलं की मावशींनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, की आईचं घर दोन मजली होतं ना?

दुसऱ्या दिवशी आक्का आणि सूनबाई डॉक्टरांकडे गेल्या. सूनबाईने खरा आराखडा दाखवला आणि खोट्याचं कारणही लपवलं नाही. डॉक्टर शांत माणूस, पण त्यांचे कान तांबडे झाले. म्हणाले, "मी त्या डोंगराला नाही म्हटलं होतं. तुम्हाला नाही." मग त्यांनी नवीन कागद नीट वाचला आणि शेवटच्या दिवसावर बोट ठेवलं. देवस्थान उंचावर होतं, तिथला चारशे दहा मीटरचा चढ कोणाच्या ठिपक्याने आलेला नव्हता. सूनबाईने तिथेच फोनवर नकाशा उघडला, चढाच्या मधोमध एक वाडी सापडली, तिथे निशाण लावून एका दिवसाचे दोन केले. दोनशे तीस आणि एकशे ऐंशी. डॉक्टर म्हणाले, आता ठीक. पण ऊन तापायला लागलंय, पहाटे निघा, दहाच्या आत मुक्काम गाठा आणि गोळ्या विसरू नका.

बरोबर सूनबाई जाणार हे तिनेच ठरवलं. बाबूने दोनदा सुचवून पाहिलं की मी येतो. सूनबाई म्हणाली, तुम्ही घरी थांबा, फोन घ्या, बुकिंग बघा आणि मावशींना वेळेवर जेवू घाला. आजवर वाटा दाखवल्यात, आता चूल बघा. आक्काला मनातून हसू आलं, पण चेहरा तिने घट्टच ठेवला.

दोघी निघाल्या. पहिले दोन दिवस ऊन, धूळ आणि सूनबाईच्या टाचेला आलेला फोड. आक्का चढाला थांबत थांबत चालायची. काठी माईची, तिच्या उंचीची, म्हणून आक्काला दोन बोटं लांब व्हायची. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नदी आली. डाव्या हाताला. आक्का चालताना सारखी उजवीकडच्या कड्याकडे बघत होती, जिथे बाबूने तिला चढवलं होतं. माथ्यावर खरंच बकऱ्या होत्या. नदी बघून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या पोटात संतापही होता. हेच पाणी, हीच वाट थंडीत होती. थंडीत माई उशाला टेकून बसू शकत होती. आता तिला कुशीवर वळायलासुद्धा माणूस लागत होता.

खडक होता. मधोमध चीर गेली होती, पण होता. आक्का त्यावर बसली, चपला काढल्या आणि सूनबाईला म्हणाली, घरी फोन लाव.

बाबूने उचलला. आक्का म्हणाली, माईच्या कानाला लाव. बाबूने खाटेवर बसून फोन माईच्या कानाला धरला. आक्काने आपला फोन खाली वाकून पाण्याजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग वर घेतला.

"ऐकलंस का?"

पलीकडून माईचा आवाज आला, बारीक, तुटक. "डावीकडे?"

"डावीकडेच."

"बाबूला सांग."

"तो ऐकतोय की. त्याच्याच हातात आहे फोन."

माई हसल्यासारखी झाली. मग म्हणाली, पाय सोड पाण्यात, माझेही सोड. आक्काने सोडले. काठीचं टोकही पाण्यात बुडवलं.

पुढची चाल नीट झाली. शेवटच्या चढाच्या मधोमध असलेल्या त्या वाडीत दोघी पोचल्या, तेव्हा सकाळ होती. आंघोळी झाल्या, सूनबाई कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर बाबूचं नाव बघून सूनबाईने उचलला आणि आईला दे, एवढं ऐकताच आक्काकडे दिला. आक्काला वाटलं असणार, आता बाबू काहीतरी गोड बोलेल, मावशींना जरा बरं नाही, तुम्ही सावकाश या असं काही. वाटेवरच्या माणसाला असंच सांगतात. दुसऱ्या कोणीही तसंच केलं असतं.

बाबू म्हणाला, "आई, मावशी गेल्या. काल संध्याकाळी. रात्री तुला उठवलं नाही, तू मुक्कामाला पोचायची वाट बघितली. दुसरं काही लपवलेलं नाही. तू म्हणशील तेवढा वेळ थांबतो."

आक्काने विचारलं, त्रास झाला का. तो म्हणाला, थोडा झाला. ती म्हणाली, आता खरं बोलायला लागलास. त्यात शाबासकी किती आणि डाग किती, हे बाबूला कळलं नाही, आणि आक्काने सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली की थांबू नका, तिचं सगळं आज उरकून घ्या, मी आता मागे फिरून ती मला भेटायची नाही.

उरलेला चढ तिने त्याच दिवशी, डॉक्टरांचं न ऐकता, पण पुन्हा पुन्हा बसत बसत चढला. सूनबाईने एकदाही तिला अडवलं नाही, फक्त गोळ्यांची डबी हातात धरून मागे चालत राहिली. देवस्थानाच्या दाराशी आक्काने काठी उभी केली. ती घसरली. पुन्हा उभी केली. पायरीला हात लावला, माई पुन्हा येणार होती, ती आली, असं म्हणायला गेली आणि म्हणाली भलतंच. म्हणाली, "थंडीत आलो असतो."

बाबूवरचा राग तिने पुढे कधी बोलून दाखवला नाही आणि सोडलाही नाही. ऑफिसात कोणाची यात्रा आखायची असली की ती भाजी घेऊन समोर बसायची आणि विचारायची, मध्ये ठिपके आहेत का रे? बाबू पडदा तिच्याकडे वळवायचा.

माई गेली ती त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, बुधवारी, दिवेलागणीला. बाबू जवळ होता. आक्का तेव्हा देवस्थानापासून दोन मुक्काम अलीकडे होती.